'कोणतीही जबाबदारी नाही' ही ओळ आधी खोडा

प्रश्न: वय 38. देवगड तालुक्यात घर, दीडशे कलमं आणि खतांचं दुकान. 2021 मध्ये संमतीने घटस्फोट झाला. मुलगी नऊ वर्षांची, आईजवळ डोंबिवलीला असते, सुट्टीत माझ्याकडे येते. विवाहाच्या साइटवर 'माझ्याविषयी' लिहायचं आहे. खोटं बोलायचं नाही, पण मित्र म्हणतो की आधी ओळख होऊ दे, मग सांग. मी असं लिहिलंय: "साधा, सरळ, कुटुंबवत्सल मुलगा. दुर्दैवाने पहिलं लग्न टिकू शकलं नाही, त्यात माझी काही चूक नव्हती. एक गोड मुलगी आहे पण ती तिच्या आईकडे असते, त्यामुळे कोणतीही जबाबदारी नाही. भूतकाळ विसरून नवीन सुरुवात करायची आहे. समजूतदार, घरगुती, आईला सांभाळून घेणारी मुलगी हवी." बरोबर आहे का?

उत्तर: मी कुडाळला वधू-वर सूचक केंद्र चालवते. सतरा वर्षं झाली. सुरुवातीला पुनर्विवाहाची स्थळं वेगळ्या वहीत असायची आणि ती वही आईवडील खाली मान घालून मागायचे. आता ती वही जाडीला पहिलीएवढीच झाली आहे आणि तुमच्यासारखी माणसं स्वतःच लिहायला बसतात, हे चांगलं आहे. तुम्ही मसुदा दिलात हे त्याहून चांगलं, कारण मसुदा समोर असला की हवेत बोलावं लागत नाही.

मित्राचं आधी निकालात काढते. 'आधी ओळख, मग सांग' हे मुंबईत एखाद वेळेस चार आठवडे चालून जाईल. आपल्याकडे चार दिवसही चालत नाही. देवगडचं स्थळ म्हटलं की समोरच्या घरात पहिला प्रश्न 'वाडी कुठली?' आणि दुसरा फोन त्या वाडीत दिलेल्या नात्यातल्या बाईला. संध्याकाळपर्यंत तुमचा घटस्फोट, मुलीचं वय आणि तुमच्या दुकानाची उधारीसुद्धा तिकडे पोचलेली असते. तेव्हा सांगायचं की नाही हा प्रश्नच तुमच्यासमोर नाही. ती माहिती तुमच्या शब्दांत जाणार की त्या बाईच्या, एवढंच तुमच्या हातात आहे.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून गावं आणि दोन-तीन तपशील बदलले आहेत. एका मुलाचा फॉर्म त्याच्या बहिणीने भरला. 'अपत्य' या रकान्यात तिने 'नाही' केलं. तिचं म्हणणं, मुलगा त्याच्या आईकडेच असतो, मग आपल्याकडे 'नाही'च ना! बोलणी छान पुढे गेली. मुलगी स्वतः घटस्फोटित होती, नोकरी करणारी, शांत. साखरपुड्याची तारीख गणपतीनंतरची धरली. गणपतीत तिचा मामा भजनी मंडळाबरोबर फिरत फिरत नेमका त्या घरी गेला. भजन झालं, उसळ-पाव आले, आणि द्रोण वाटत फिरणारा सहा-सात वर्षांचा पोरगा स्वयंपाकघराकडे बघून ओरडला, "पप्पा, दोन कमी पडले!" मामाने शेजारच्याला विचारलं, "ह्यो झील कोणाचो?" शेजारच्याने सहज सांगितलं, "ह्याचोच की."

लग्न मोडलं. ती मुलगी नंतर माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "मुलगा आहे याचं मला काहीच नव्हतं हो. पण ज्या घरात त्या पोराला 'नाही' लिहिलं, तिथे उद्या मला काय लिहितील?" या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. फॉर्म मी तपासायला हवा होता, ही माझीही चूकच.

कायद्याची बाजू एकदाच सांगून टाकते, म्हणजे मित्रालाही सांगता येईल. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 नुसार महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवून संमती मिळवली असेल तर ते लग्न कोर्टातून रद्द करून मागता येतं. फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आधीचं लग्न किंवा मूल लपवलं तर प्रकरण याच वाटेने जाऊ शकतं. पण खरं सांगू? माझ्या केंद्रातली अशी प्रकरणं कोर्टापर्यंत गेलीच नाहीत. ती आधीच, उसळ-पावाच्या द्रोणापाशी संपली.

आता खरी अडचण. तुमचा मसुदा खोटा नाही. घटस्फोट लिहिलाय, मुलगीही लिहिली आहे. तरी तो वाचून कुठलीही शहाणी बाई पुढच्या स्थळावर जाईल, कारण त्यात कबुली आहे पण माहिती नाही. 'माझं लग्न मोडलंय, मला मूल आहे' हे सांगताना तुम्हाला जड गेलं, म्हणून तुम्ही लगेच उशी लावलीत: दुर्दैवाने, माझी चूक नव्हती, गोड, जबाबदारी नाही. वाचणारीला ती उशीच आधी दिसते. तिला तुमचं दुःख किंवा निर्दोषपणा नको आहे. तिला तिच्या पुढच्या आयुष्याचा हिशेब मांडायचा आहे आणि त्यासाठी चार-पाच साध्या गोष्टी हव्या आहेत. कोर्टाचं काम पूर्ण संपलंय का? मूल कुठे राहतं? ते कधी आणि किती दिवस घरात असतं? तेव्हा त्याचं कोण करतं? पैसे कुठे कुठे जातात? तुमच्या पाच वाक्यांत यातल्या एकाचंच उत्तर आहे.

'कोणतीही जबाबदारी नाही' ही ओळ सगळ्यात वाईट आहे, म्हणून तिच्यापासून सुरू करते.

वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिराती आठवतात? 'घटस्फोटित, बिनापाश' असं छापून यायचं, अजूनही येतं. बिनापाश म्हणजे मूलबाळ नाही. शब्दागणिक पैसे मोजावे लागायचे, त्यामुळे एका शब्दात काम भागायचं. पण शब्द बघा: मूल म्हणजे पाश! तुमची ओळ हा त्याच शब्दाचा नवा अवतार आहे. तुम्हाला म्हणायचं होतं की 'तुझ्यावर भार पडणार नाही'. वाचणारीला ऐकू येतं की 'मी माझ्या मुलीतून मोकळा झालोय'. ज्या बाईला स्वतःचं मूल आहे ती तर तिथेच थांबते. स्वतःच्या मुलीबद्दल असं लिहिणारा माणूस आपल्या पोराला काय वागवेल, हा विचार तिने करायचा नाही तर कोणी?

आणि ती ओळ खरीही नाही. घटस्फोट नवराबायकोचा होतो, बापलेकीचा होत नाही. अविवाहित मुलीच्या पालनपोषणाची जबाबदारी कायद्याने बापावर राहते आणि तुमच्या मिळकतीतला तिचा वारसाहक्कही घटस्फोटाने जात नाही. ही गोष्ट तुम्हाला माहीत असो नसो, वधूकडच्या काकांना माहीत असते. दीडशे कलमं म्हटल्यावर ते सातबारा विचारणारच. बायोमध्ये सातबारा लिहायचा नाही, पण पहिल्या बैठकीला जाताना उत्तर तयार ठेवा.

पुढे 'पण'. "एक गोड मुलगी आहे पण ती तिच्या आईकडे असते." या 'पण'ने मुलगी म्हणजे स्थळातली उणीव होऊन बसली, आणि पुढचा भाग त्या उणिवेची भरपाई. 'पण' काढा, पूर्णविराम द्या, दोन वाक्यं करा. "मला नऊ वर्षांची मुलगी आहे. ती आईजवळ डोंबिवलीला शिकते." मजकूर तोच आहे आणि ओशाळलेपण गेलं. 'गोड'ही काढा. सगळ्यांच्याच मुली गोड असतात, त्यातून काही कळत नाही. 'नऊ वर्षांची' यातून कळतं: शाळेत जाते, स्वतःचं स्वतः आवरते, पुढची दहा-बारा वर्षं शिक्षणाची आहेत.

"त्यात माझी काही चूक नव्हती." हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पुरुषांच्या पहिल्या मसुद्यात असतं, बायकांच्याही असतं. ते खरं असेलही. पण तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाला ते पटायचं काही कारण नाही आणि तुमच्या मुलीच्या आईला उत्तर द्यायला तिथे जागा नाही. शिवाय साइटवरचा मजकूर कोणीही स्क्रीनशॉट काढून पाठवू शकतं. आज डोंबिवलीला तिच्या भावाला जाईल, आणि पाच-सहा वर्षांनी तुमची मुलगीच वाचेल. कारण लिहायचं तर बाजू घ्यावी लागते, म्हणून बायोमध्ये कारण लिहायचंच नाही. फक्त घटना लिहायची: कोणत्या साली आणि कोणत्या मार्गाने.

हे 'कोणत्या मार्गाने' फार महत्त्वाचं आहे आणि लोक नेमकं तेच गाळतात. 'घटस्फोटित' या एका शब्दाखाली माझ्याकडे चार प्रकारची माणसं येतात. पहिला प्रकार तुमचा: संमतीने अर्ज, कोर्टाचा हुकूमनामा हातात. दुसरा, कोर्टात भांडून मिळालेला निकाल. त्यात अपिलाची मुदत संपली का, अपील पडून आहे का हे बघावं लागतं, कारण तोवर पुन्हा लग्न करता येत नाही. समोरची बाजू हजरच झाली नाही म्हणून एकतर्फी निकाल लागला असेल तर आणखी जपून, कारण ती बाजू नंतर येऊन तो निकाल रद्द करून मागू शकते. तिसरा, केस अजून चालू. त्याने साइटवर 'अवेटिंग डिव्होर्स' हाच पर्याय निवडायचा, 'डिव्होर्स्ड' नाही. आणि चौथा म्हणजे स्टॅम्प पेपरवर चार पंचांच्या सह्या घेऊन केलेली सोडचिठ्ठी. काही समाजांत रूढीने चालत आलेला काडीमोड कायदा मानतो, पण ती रूढी आहे हे सिद्ध करावं लागतं. बाकीच्यांचा स्टॅम्प पेपर म्हणजे नुसता कागद. त्यावर दुसरं लग्न केलं तर पहिलं लग्न कायद्याने उभंच असतं. असे लोक खोटं बोलत नसतात हो, त्यांना खरोखर वाटतं की आपण सुटलो. आम्ही नाव नोंदवतानाच हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागतो, ती याचसाठी.

तुमचं 2021 साली संमतीने झालंय, म्हणजे हा भाग तुमचा भक्कम आहे. मग 'दुर्दैवाने टिकू शकलं नाही'च्या धुक्यात तो का घालवायचा? "2021 साली परस्परसंमतीने घटस्फोट झाला, कोर्टाचा हुकूमनामा आहे." या आठ शब्दांत वाचणारीच्या बापाचे तीन प्रश्न संपतात.

'भूतकाळ विसरून' काढा. तुमचा भूतकाळ मे महिन्यात बॅग घेऊन कणकवली स्टेशनवर उतरणार आहे.

आणि आता मे महिन्याकडेच येते, कारण तुमच्या स्थळातली खरी गाठ तिथे आहे आणि ती मसुद्यात कुठेच दिसत नाही. मुलीला सुट्टी मे महिन्यात आणि तुमचा आंबाही मे महिन्यात. एप्रिल-मे म्हणजे पहाटे काढणी, दुपारी पेट्या भरणं, रात्री गाडी, शेवटी शेवटी कॅनिंगला जाणारा आंबा. तुम्ही घरी असता किती? मुलगी महिनाभर येणार, तुम्ही बागेत, मग तिचं न्हाणं-जेवण, तिची चिडचिड, आईच्या आठवणीने रात्री रडणं हे कोण बघणार? आज तुमची आई बघत असेल. कोकणातली वाचणारी हा हिशेब दोन सेकंदांत करते. एका आईने माझ्यासमोर फॉर्म ठेवून विचारलं होतं, "म्हणजे माझ्या चेडवान हंगामात दुसऱ्याचा पोर सांभाळूचा काय?" उद्धट वाटलं तरी प्रश्न रास्त होता. त्या मुलाने त्याचा विचारच केला नव्हता.

म्हणून बायोला हात लावण्याआधी घरात बसून हे ठरवा. आईची तब्येत कशी आहे? मुलगी आल्यावर दुपारी दोन तास तरी तुम्ही घरी येऊ शकता का? एखादा गडी वाढवून पेट्यांचं काम त्याच्यावर सोपवता येईल का? यातलं काय शक्य आहे ते तुमच्या परिस्थितीवर आहे, मला इथून सांगता येणार नाही. पण जे ठरेल ते एका वाक्यात लिहा. "त्या दिवसांत तिचं मी आणि आई बघतो" हे वाक्य खरं असेल तर त्याची किंमत 'समजूतदार', 'कुटुंबवत्सल' अशा दहा शब्दांपेक्षा जास्त आहे. खरं नसेल तर लिहू नका, पहिल्याच मे महिन्यात उघडं पडेल. आणि तुम्हाला नव्या बायकोने यात हात लावावा असं मनातून वाटत असेल, तर तेही लिहा. त्यातही गैर काही नाही. 'माझ्या मुलीशी तिने मोकळेपणाने राहावं, आई होण्याची अपेक्षा नाही, तिला आई आहे' असं एकाने लिहिलं होतं. त्या एका ओळीवर त्याला जी स्थळं आली ती नेमकी हवी तशी होती.

पैशाचं थोडक्यात. आकडा बायोमध्ये नको. पण खर्च देता हे लिहा आणि 'देत राहीन' हेही लिहा. लग्नानंतर 'अजून तिकडे पैसे जातात' हे भांडण टाळायचं असेल तर ते लग्नाआधी कागदावर असलेलं बरं. संमतीच्या अटींमध्ये ताबा, भेटी आणि खर्च याविषयी काय लिहिलंय ते एकदा काढून वाचा. पुष्कळांच्या बाबतीत कागद एक म्हणतो आणि प्रत्यक्षात वेगळंच चालू असतं. उदाहरणार्थ, कागदावर महिन्यातून दोन भेटी आणि खरं तर सुट्टीतच भेट. तुम्ही प्रत्यक्षात आहे तेच लिहा, पण कुणी कागद मागितला तर फरक का आहे ते सांगता आलं पाहिजे.

'समजूतदार, घरगुती, आईला सांभाळून घेणारी मुलगी' याबद्दल. तुम्हाला कोण प्रतिसाद देणार आहे याचा विचार करा. तुमच्या वयाला आणि परिस्थितीला येणाऱ्या बायका बहुतेक करून तेहेतीस ते अडतीसच्या. कोणी घटस्फोटित, कोणी विधवा, कोणी घरच्या जबाबदारीत लग्न राहून गेलेली. बऱ्याच जणी कमावतात. काहींना मूल आहे. अशा बाईला 'सांभाळून घेणारी' म्हटलं की ती मनात म्हणते, इतकी वर्षं तेच करतेय. त्याऐवजी तिच्यासाठी दोन गोष्टी स्पष्ट करा. तिला मूल असेल तर तुम्हाला चालेल का, आणि चालेल म्हणजे ते तुमच्या घरी राहिलेलं चालेल का? तुम्हाला आणखी मूल हवं आहे का? दुसऱ्याचं उत्तर 'ठरलेलं नाही' असेल तर 'बोलून ठरवू' लिहा, पण गाळू नका. आणि 'मुलगी हवी' नको. अडतिसाव्या वर्षी जोडीदार शोधायचा.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाची. मुंबईतली स्थळं बघून विचारतात, 'हे पुढे मुंबईत येणार का?' तुमची कलमं आणि दुकान देवगडला, तेव्हा तुम्ही हलणार नाही हे उघड आहे. पण ते लिहिल्याशिवाय समोरची उघड धरत नाही. उलट 'मुलगी डोंबिवलीला' वाचून तिला वाटेल की तुमचं मन अर्धं तिकडेच आहे. राहणार गावीच, हे पहिल्या दोन ओळींत हवं. मोबाइलवर पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं 'आणखी वाचा'खाली जातं. त्या ओळींत घर, काम आणि राहण्याचं ठिकाण. घटस्फोट आणि मुलगी त्याच्या लगेच पुढे. अगदी पहिलं वाक्य घटस्फोटाचं नको, कारण तुमची ओळख ती नाही. शेवटी ठेवलात तर लपवल्यासारखं दिसतं. आणि रकाने बरोबर भरा: वैवाहिक स्थिती 'घटस्फोटित', अपत्य 'आहे, सोबत राहत नाही'. बऱ्याच साइट्सवर असा पर्याय असतो. रकान्यात एक आणि मजकुरात दुसरं, असं झालं तर रकाना भरणारी बहीण असली तरी नाव तुमचंच खराब होतं.

आता मी लिहिते तसं बघा. काही गोष्टी मी गृहीत धरल्या आहेत, त्या तुमच्या बाबतीत खऱ्या नसतील तर बदला.

> "देवगड तालुक्यात आमचं घर आणि हापूसची दीडशे कलमं आहेत. खतांचं दुकान मी चालवतो. पुढेही इथेच राहणार आहे. घरी आई आहे.
>
> माझं लग्न झालं होतं. 2021 साली परस्परसंमतीने घटस्फोट झाला, कोर्टाचा हुकूमनामा आहे. मला नऊ वर्षांची मुलगी आहे. ती आईजवळ डोंबिवलीला शिकते आणि मे महिन्यात व गणपतीत माझ्याकडे असते. त्या दिवसांत तिचं मी आणि आई बघतो. तिच्या शिक्षणाचा खर्च मी देतो, पुढेही देईन.
>
> हंगामात मी पहाटे चारला उठतो आणि रात्री नवाला जेवतानाच झोपतो. पावसाळ्यात मात्र वेळच वेळ असतो, तेव्हा स्वयंपाकही बरा करतो. गावात राहायला आवडेल अशी जोडीदार शोधतोय. तुमची नोकरी किंवा व्यवसाय असेल तर तो चालू राहावा असं वाटतं. तुम्हाला मूल असेल तर आपल्या घरी त्याचं स्वागत आहे. बाकी भेटून बोलू."

हंगाम आणि स्वयंपाकाच्या ओळी मी कल्पनेने घातल्या, तुमच्या तुम्ही घाला. पण अशा एक-दोन ओळी हव्यातच. नाहीतर सगळा मजकूर घटस्फोटाचा खुलासा होऊन बसतो आणि माणूस दिसत नाही. मसुद्यातला 'साधा, सरळ' मी काढला, कारण माझ्या वहीतला प्रत्येक जण साधा आणि सरळ आहे.

एवढं मोकळं लिहिल्यावर विचारणा कमी येतील, हे कबूल करते. मुलीचं वाचून काही जणी तिथेच थांबतील. पण त्या नंतरही थांबल्याच असत्या, फक्त तोवर दोन घरांचा महिना आणि कांदेपोहे वाया गेले असते. डेटिंग अ‍ॅपवर जागा कमी असते, तिथे एवढं पुरे: "घटस्फोटित. नऊ वर्षांच्या मुलीचा बाबा, ती सुट्टीत माझ्याकडे असते. आंबा आणि दुकान, देवगड." 'बाबा' हा शब्द तिथे चांगला बसतो.

कारणाचा प्रश्न पहिल्या-दुसऱ्या फोनला येईलच. तेव्हा 'तो विषय नको' म्हणू नका आणि पाऊण तास तक्रारही सांगू नका. दोन वाक्यं तयार ठेवा, ज्यांत दोघंही माणसं वाटतील. माझ्याकडचा एक जण म्हणायचा, "तिला मुंबई सोडता येत नव्हती, मला गाव. चार वर्षं ये-जा केली आणि दोघंही दमलो." ऐकणारीने आणखी विचारलं तर आणखी सांगायचा. मारहाण, व्यसन, पोलीस तक्रार असं काही असेल, कुठल्याही बाजूने, तर ते मात्र पहिल्या भेटीतच सांगा. ते नंतर कळलेलं कोणी माफ करत नाही.

साइटवर टाकायच्या आधी मुलीच्या आईला एक निरोप द्या की मी पुन्हा लग्नाचं बघतोय. परवानगी मागायची नाही, फक्त कळवायचं. मुलीला हे शाळेतल्या कोणाकडून किंवा आत्याच्या तोंडून कळण्याऐवजी तुमच्याकडून कळलेलं बरं. ते तिला फोनवर सांगायचं की ती आल्यावर समोर बसून, हे तुम्ही दोघांनी ठरवा.

फोटोबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मुलीचा फोटो, नाव, शाळा यातलं काहीही साइटवर नको, तो तिचा खासगी भाग आहे. आणि तिच्यासोबतचा फोटो कापून लावू नका. गेल्या महिन्यात एकाने तसा लावला होता. माणूस हसतोय, मागे समुद्र, आणि डाव्या खांद्यावर चार लहान बोटं राहून गेलेली. तीन जणींनी मला फोन करून त्या बोटांबद्दलच विचारलं. तुम्ही दुकानासमोर उभे राहा आणि शेजारच्याला एक नवा काढायला सांगा.